आयव्हीएफआधी पाणी भरलेली ट्यूब काढायची का? एका सोनोग्राफीत दिसते, दुसरीत दिसत नाही

शेवंती_दारव्हा

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहिते आहे. वय 31, लग्नाला सात वर्षं झाली. यांचा रिपोर्ट चांगला आहे. माझी एचएसजी, म्हणजे पिशवीतून डाय सोडून ट्यूबचा एक्स-रे काढतात ती, यवतमाळला झाली. उजव्या ट्यूबमध्ये डाय गेला, ट्यूब फुगत गेली, टोकाशी गोल झाली आणि डाय पोटात सांडलाच नाही. डावीकडे डाय पिशवीच्या कोपऱ्यातच थांबला, पुढची नळी दिसलीच नाही.

नंतर नागपूरला आयव्हीएफच्या डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी केली. उजव्या बाजूला 5.2 × 1.9 × 1.8 सेंमी हायड्रोसाल्पिंक्स, म्हणजे पाणी भरलेली ट्यूब, असं लिहून दिलं. अंड्यांचा साठा सांगणारं एएमएच 1.4 आहे. ते म्हणाले, गर्भ सोडण्याआधी उजवी ट्यूब दुर्बिणीतून काढून टाकू, डावीचं पोटात बघून ठरवू.

घरी आल्यावर सासूबाईंच्या आग्रहाने तालुक्याला पोटावरून सोनोग्राफी केली. तिथे सगळं नॉर्मल आलं. आता घरातले सगळे म्हणतात, जे नाहीच ते कापायचं कशाला? आणि टेस्ट ट्यूब बेबीत तर गर्भ थेट पिशवीतच सोडतात, मग ट्यूब असली काय नि बंद असली काय, काय फरक पडतो? हा प्रश्न मलाही पडला आहे, डॉक्टरांसमोर विचारायचं सुचलं नाही.

अजून दोन गोष्टी. अधूनमधून अंगावरून एकदम पाण्यासारखं जातं, परकर ओला होतो, आणि त्यानंतर उजव्या बाजूचं जडपण कमी होतं. शाळेत असताना मानेला टीबीच्या गाठी झाल्या होत्या, तेव्हा गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला होता.

मीनाकाकी

शेवंती बेटा, घाई करू नको. माझ्या भाचीचीही ट्यूब बंद होती. तिला तो डायवाला फोटो काढला आणि दोनच महिन्यांत दिवस राहिले. त्या पाण्याच्या जोराने नळी मोकळी होते. तुझीही एकदा परत करून बघ. शरीरातलं काढलेलं परत बसत नाही.

भास्कर_अमरावती

मी लॅबमध्ये काम करतो, आयव्हीएफच्या बऱ्याच पेशंटचे रिपोर्ट हाताखालून जातात. ट्यूब काढायची गरजच नाही. सोनोग्राफीत बघत बघत सुईने पाणी ओढून घेतात, पाच मिनिटांचं काम. ट्यूब काढली की ओव्हरीचा रक्तपुरवठा तुटतो आणि अंडी कमी होतात. तुमचं एएमएच आधीच 1.4 आहे, त्यात हा धोका घेऊ नका. टीबीसाठी पाळीच्या रक्ताची पीसीआर करून घ्या, एका रिपोर्टात निकाल लागेल.

सूतिका

मी वर्ध्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, दुर्बिणीची ऑपरेशनं करते. शेवंतीताई, आधी दोन सोनोग्राफींचं बोलू, कारण घरातलं भांडण त्यावरून आहे.

पोटावरून, लघवी भरून केलेल्या सोनोग्राफीत रिकामी किंवा थोडीच भरलेली ट्यूब दिसत नाही. प्रोब आतून लावला की ओव्हरीच्या शेजारी वळलेली, लांबट, काळी पोकळी दिसते आणि तिच्या भिंतीतून अर्धवट पडदे आत आलेले दिसतात. ओव्हरीच्या गाठीत असे पडदे सहसा नसतात, त्यावरून आम्ही ओळखतो. म्हणजे तालुक्याच्या रिपोर्टने नागपूरचा रिपोर्ट खोटा ठरत नाही, दोन्हींची नजर वेगळी आहे.

पण तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे, आणि ती तुम्ही स्वतःच लिहिली आहे. एकदम पाणी जातं आणि जडपण उतरतं, म्हणजे बहुधा ट्यूब पिशवीच्या वाटेने रिकामी होते आहे. एचएसजीतही तेच दिसलं. उजव्या ट्यूबमध्ये डाय शिरला, म्हणजे तिचं पिशवीकडचं तोंड उघडं आहे. ओव्हरीकडचं झालरीचं तोंड चिकटून बंद झालंय. ट्यूबच्या अस्तरातून पाझरणारं पाणी पोटात जाऊ शकत नाही, साठतं, आणि जास्त झालं की उरलेल्या एकाच वाटेने पिशवीत उतरतं. तालुक्याची सोनोग्राफी नेमकी ती रिकामी झाल्यावर झाली असेल, तर आतून केली असती तरी कदाचित दिसली नसती.

आणि घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आयव्हीएफला ट्यूब लागत नाही हे खरं. पण गर्भ जिथे रुजायचा तिथेच हे पाणी येतं.

मीनाकाकी, तुमच्या भाचीचं खोटं नाही. पिशवीच्या तोंडाशी बुळबुळीत गोळा अडकला असेल तर डायच्या दाबाने तो सुटतो. इथे मात्र दुसरं टोक शिवल्यासारखं बंद आहे. फुगलेल्या ट्यूबमध्ये परत डाय सोडला तर ती उघडत नाही, उलट आत जंतू जाऊन पू होण्याची भीती असते. म्हणून एचएसजीत ट्यूब फुगलेली दिसली की आम्ही डॉक्सीसायक्लिनचा कोर्स देतो. तो तुम्हाला दिला होता का, ते चिठ्ठीवर बघा.

पऱ्हाटीवाला

डॉक्टर मॅडम, मी घाटंजीकडचा. आमच्या घरीबी हेच चालू हाय म्हणून वाचून राह्यलो. म्हंजे पेरणी झाल्यावर वरच्या वावरातलं पाणी खाली घुसते अन् बी वाहून जाते, तसं हाय का हे?

सूतिका

हो दादा, तसंच, पण तेवढंच नाही. वाहून जाणं हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या पाण्यात जुन्या जंतुसंसर्गाचे अवशेष आणि सूज वाढवणारी द्रव्यं असतात, गर्भाच्या वाढीला लागणारं पोषण मात्र त्यात फारसं नसतं. तिसरं, त्या पाण्याने पिशवीचं अस्तरच गर्भ धरून ठेवायला नीट तयार होत नाही. यातलं कुणाच्या बाबतीत किती, हे मोजून सांगता येत नाही. पण एकत्र परिणाम ठाऊक आहे. पाणी भरलेली ट्यूब तशीच ठेवून आयव्हीएफ केलं तर गर्भ राहण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, आणि राहिलेल्यातही गर्भपात जास्त होतात.

गर्भशाळा_नागपूर

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, आयव्हीएफच्या लॅबमध्ये गर्भ सांभाळते. वरच्या मापाचा हिशोब करून बघितला. 5.2, 1.9 आणि 1.8 यांचा गुणाकार करून 0.52 ने गुणलं की जवळजवळ नऊ मिलि येतं. आम्ही गर्भ सोडतो तेव्हा कॅथेटरमध्ये त्याच्यासोबत वीस-तीस मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे मिलिचा तिसावा-पन्नासावा भाग. पाच दिवसांचा गर्भ मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. आणि ट्यूबमध्ये नऊ मिलि पाणी वाट बघत बसलेलं. पुढचे दोन-तीन दिवस तो गर्भ अस्तराला चिकटलेला नसतो, मोकळाच असतो.

इंजेक्शनं चालू असताना हार्मोन वाढतात तसं हे पाणी आणखी वाढतं. कधी कधी गर्भ सोडायच्या आधीच सोनोग्राफीत पिशवीच्या पोकळीत पाण्याची काळी रेघ दिसते. अशी रेघ दिसली की आम्ही डॉक्टरांना सांगतो, आज सोडू नका, गर्भ गोठवू या.

चंद्रपूरकर_वर्षा

आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून लिहिते. माझ्या दोन्ही ट्यूब भरलेल्या होत्या, रिपोर्टात स्पष्ट लिहिलेलं होतं. एका सेंटरने तरीही लागोपाठ गर्भ सोडले. दर वेळी गर्भ चांगला होता, ग्रेड चांगली होती, नशिबाने साथ दिली नाही, एवढंच उत्तर. सासऱ्यांनी वावराचा तुकडा विकला होता. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल उघडली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

ट्यूब काढून झाल्या. त्यानंतरच्या वेळी गर्भ राहिला, पण सातव्या आठवड्यात ठोके थांबले. आता पुन्हा तयारी चालू आहे. ट्यूब काढली की मूल होतंच, असं मी म्हणणार नाही. पण जो अडथळा आधीच कागदावर लिहिलेला होता, त्यावर आमचे गर्भ आणि पैसे वाया गेले, हे मला अजून गिळवत नाही. शेवंती, तुझ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं, हे चांगलं लक्षण आहे.

भास्कर_अमरावती

वर्षाताई, वाईट वाटलं वाचून. पण माझा मुद्दा राहिलाच. सुईने पाणी काढलं तर ऑपरेशन टळतं की नाही?

सूतिका

भास्करदादा, पाणी सुईने काढता येतं, पण ते परत भरतं, कित्येकदा काही दिवसांतच. गर्भ रुजायचे दिवस नेमके तेच असतात. काहीच न करण्यापेक्षा थोडा फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसतं, पण पुरावा कमजोर आहे. गर्भ सोडायची तारीख आली आहे आणि भूल देता येत नाही, अशा पेशंटला मी तो मार्ग देईन. 31 वर्षांच्या निरोगी बाईला पहिला पर्याय म्हणून नाही.

ट्यूब काढण्यामागे चांगला पुरावा आहे. 1999 साली स्कँडिनेव्हियातल्या अनेक केंद्रांनी मिळून चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाच्या ट्यूब आधी काढल्या, दुसऱ्या गटाचं थेट आयव्हीएफ केलं. ट्यूब काढलेल्यांत 28.6 टक्के बायकांना मूल झालं, न काढलेल्यांत 16.3 टक्के. आणि सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला, तर ज्यांची ट्यूब सोनोग्राफीत दिसण्याइतकी भरलेली होती त्यांना, त्यातही दोन्ही बाजूंना असलेल्यांना. म्हणून मी काढायला कधी सांगते, तर आतून केलेल्या सोनोग्राफीत ट्यूब स्पष्ट दिसते तेव्हा. फक्त एचएसजीत थोडीशी रुंद वाटली आणि सोनोग्राफीत कधीच दिसली नाही, तर तिथे मी एवढा आग्रह धरत नाही.

अंड्यांबद्दल तुमची काळजी अर्धी बरोबर आहे. ओव्हरीला जाणाऱ्या काही रक्तवाहिन्या ट्यूबखालच्या पातळ पडद्यातून जातात. सर्जनने त्या पडद्यात खोल कापलं किंवा जास्त जाळलं तर त्या बाजूची ओव्हरी कमी प्रतिसाद देऊ शकते. म्हणून ट्यूबच्या भिंतीला चिकटून कापत जायचं असतं. तसं केलं तर बहुतेकींच्या एएमएचमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. शेवंतीताई, सर्जनला हे सरळ विचारा, त्यात काही वावगं नाही. ट्यूब काढल्याने पाळी जात नाही, ओव्हरी जागेवरच राहते, हेही सासूबाईंना सांगा.

पऱ्हाटीवाला

मॅडम, आमच्या घरच्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं, लहानपणी. आता दुर्बीण टाकली तं म्हणे आतडं ट्यूबले चिकटून हाय, काढता येत नाही, अन् तसंच बंद केलं. आता काय करा? दुसरीकडं गेलो तं पोट उघडून काढतो म्हणून राह्यले. मले भेव लागून राह्यलं.

सूतिका

दादा, घाबरू नका आणि पोट उघडायची घाई तर मुळीच करू नका. ट्यूब सोडवताना आतड्याला भोक पडलं तर जिवावर बेततं. ज्या डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं त्यांनी चूक केली नाही. अशा वेळी ट्यूब काढत नाहीत, पिशवीपाशीच तिचं तोंड बंद करतात. तिथे क्लिप लावतात किंवा तो तुकडा जाळून कापतात. ट्यूब आत भरलेली राहते, पण पाणी पिशवीत उतरायची वाट बंद होते. आयव्हीएफसाठी एवढं पुरतं, आणि निकालही काढण्याच्या जवळपास येतात. त्यांना विचारा की दुर्बीण टाकली तेव्हा पिशवीचा कोपरा तरी दिसत होता का. दिसत असेल तर दुसऱ्यांदा दुर्बिणीतूनच हे होऊ शकेल. ऑपरेशनची सीडी दिली असेल तर ती सोबत न्या.

एक मात्र, क्लिप लावल्यावर ट्यूब कधी जास्त फुगून दुखते. ताप आणि पोटात कळ आली तर दिवस घालवू नका.

पऱ्हाटीवाला

सीडी हाय घरी. सोयाबीन निघालं की जातो. उपकार झाले मॅडम.

शेवंती_दारव्हा

सगळ्यांचे आभार. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. पाणी जाण्याचं कारण ऐकल्यावर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, हे त्या सोनोग्राफीवाल्याला सांगितलंच नव्हतंस का? खरंच नव्हतं सांगितलं.

आता प्रश्न क्रमाचा. आधी ट्यूब की आधी अंडी? आणि टीबीचं काय?

सूतिका

तुमचं एएमएच 1.4 आहे, फार कमी नाही, पण भरपूरही नाही. दोन्ही क्रम बरोबर ठरू शकतात. मी स्वतः तुमच्या जागी आधी अंडी काढून गर्भ गोठवून ठेवायला सांगेन, मग ट्यूब, आणि एखाद-दोन पाळ्यांनंतर गोठवलेला गर्भ. ऑपरेशनमध्ये ओव्हरीला काही झालंच, तर गर्भ आधीच सुरक्षित असतात. तोटा असा की अंडी काढायची सुई भरलेल्या ट्यूबच्या शेजारून जाते.

टीबीवर मी जरा जोर देऊन लिहिते. आपल्याकडे ट्यूब अशा बंद होण्यामागे टीबी हे मोठं कारण आहे, आणि तुमचा इतिहास आहे. पाळीच्या रक्ताच्या एकट्या पीसीआरवर मी गोळ्या सुरू करत नाही, मेलेल्या जंतूंचे तुकडेही त्यात पॉझिटिव्ह येऊ शकतात. काही सहकारी सुरू करतात, यावर आमच्यात एकमत नाही. दुर्बीण टाकणारच आहात तर काढलेली ट्यूब आणि पिशवीच्या अस्तराचा तुकडा दोन भागांत पाठवायचा. एक भाग फॉर्मेलिनमध्ये बायोप्सीला, दुसरा सलाइनमध्ये, टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला आणि जंतू वाढवून बघणाऱ्या कल्चरला. सगळंच फॉर्मेलिनमध्ये घातलं तर जंतू मरतात आणि कल्चर वाया जातं. हे ऑपरेशनच्या गडबडीत वारंवार घडतं, म्हणून आदल्या दिवशी आठवण करा.

गर्भशाळा_नागपूर

अंडी काढताना सुई ट्यूबमध्ये गेली तर ते पाणी थेट आमच्या लॅबच्या टेस्ट ट्यूबमध्ये येतं. अंड्याच्या फॉलिकलचं पाणी पिवळसर असतं, हे फिकट पाण्यासारखं दिसतं, आणि त्यात अंडं सापडत नाही. असं पाणी आलं की आम्ही ते बाजूला ठेवतो, सुई धुवायला सांगतो आणि अंडी पुन्हा पुन्हा स्वच्छ द्रावणातून काढतो. जाता जाता ट्यूब रिकामी करू, असं म्हणणारे आहेत. मला ते आवडत नाही, संसर्ग ओव्हरीत जाऊ शकतो. प्रतिजैविक आधी देऊन ट्यूबला हात न लावता निघणं बरं.

क्रमाबद्दल मात्र मी डॉक्टरांइतकी ठाम नाही. ओव्हरी फुगलेल्या ट्यूबमागे लपलेली असेल तर आधी ट्यूब काढल्यावर अंडी काढणं सोपं जातं. ते सोनोग्राफीत आधी बघून ठरवावं.

शेवंती_दारव्हा

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. ओव्हरी नीट पोचण्यासारखी होती, म्हणून आधी अंडी काढली. सात मिळाली, त्यातून पाच दिवसांचे तीन गर्भ गोठवले आहेत.

मग ऑपरेशन झालं. संमतीपत्रावर मी आधीच लिहून घेतलं होतं, उजवी काढायची, डावी भरलेली दिसली तरच काढायची, नाहीतर मला विचारल्याशिवाय नाही. उजवी ट्यूब बोटाएवढी जाड होती, टोक ओव्हरीला चिकटलेलं. ती पिशवीजवळून पूर्ण काढली. डावी बारीक होती, झालर मोकळी दिसली, पण निळा डाय तिच्यातून गेला नाही. ती ठेवली. दुसऱ्या दिवशी घरी आले. अंगावरून पाणी जाणं थांबलं आहे.

बायोप्सीत जुनी सूज आली, टीबीच्या गाठी नाहीत. सीबीनॅट निगेटिव्ह. कल्चर बाकी आहे, सहा आठवडे लागतील म्हणाले. सेंटरवाले म्हणतात, पुढच्या पाळीला गर्भ सोडू. थांबावं का? आणि ती डावी ठेवली ते बरोबर केलं ना?

मीनाकाकी

छान झालं बेटा. आता डावी चांगली आहे तर सहा महिने घरीच वाट बघ, आयव्हीएफचा खर्च वाचेल.

सूतिका

काकी, एक बाजू भरलेली आणि दुसरी खुली असेल तर भरलेली काढल्यावर काहींना आपोआप दिवस राहतात, हे तुमचं बरोबर आहे. पण इथे डावीतून डाय गेलेलाच नाही. दोनदा नाही गेला, त्यामुळे ट्यूब नुसती तेवढ्यापुरती आकसली असण्याची शक्यता कमी वाटते. शिवाय गर्भ तयार आहेत.

शेवंतीताई, डावी ठेवली ते बरोबर. ती भरलेली नाही, पिशवीकडचं तोंड बंदच आहे, तिच्यातून पिशवीत पाणी उतरत नाही. पुढे कधी सोनोग्राफीत भरलेली दिसलीच, तर तेव्हा विचार करू. काही सर्जन अशा वेळी दोन्ही काढून टाकतात, पुन्हा भूल नको म्हणून. त्यांचं म्हणणंही मला समजतं.

कल्चरसाठी मी थांबेन. गर्भ गोठलेले आहेत, सहा आठवड्यांत त्यांना काही होत नाही. कल्चर पॉझिटिव्ह आलं तर सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि गर्भ त्यानंतरच.

गर्भशाळा_नागपूर

मीही थांबायच्या बाजूने. फक्त सेंटरला विचारा, नमुना सलाइनमध्ये गेला होता का. कल्चर निगेटिव्ह आलं पण नमुना फॉर्मेलिनमधून गेला असेल, तर त्या निगेटिव्हचा काही उपयोग नाही.

शेवंती_दारव्हा

लॅबच्या पावतीवर सलाइन लिहिलं आहे, आत्ताच बघितलं. गर्भ सोडायची तारीख पुढे ढकलायला फोन करते.